पाडव्याची चिठ्ठी: अवघड वर्षानंतर नवऱ्याला किंवा बायकोला आभार कसे लिहावेत

मराठी घरांत नवरा-बायको एकमेकांचे आभार मानत नाहीत. आभार पाहुण्यांचे, व्याख्यात्याचे किंवा गणेशोत्सवात वर्गणी देणाऱ्यांचे मानायचे. त्यामुळे नोकरी गेली, आजारपण आलं, पैशाची ओढाताण झाली अशा वर्षानंतर जोडीदाराला काही लिहायला बसलं की पहिली अडचण भाषेचीच येते. एक तर हातून सत्काराच्या भाषणासारखं काहीतरी उतरतं, नाहीतर लग्नपत्रिकेसारखं. इंदूरमध्ये आणखी एक गोष्ट आहे. इथली बरीच मराठी मंडळी हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली आहेत. मराठी घरात रोज बोलतात, पण लिहायची वेळ क्वचित येते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. शंभर-सव्वाशे शब्दांची एक चिठ्ठी, जी प्रेमाची असेल पण रडवेली नसेल, ती टप्प्याटप्प्याने कशी तयार करायची ते इथे सांगितलं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. सुदामा नगरात राहणारं एक जोडपं धरा. फेब्रुवारीत नवऱ्याची पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी गेली. बायकोने घरीच मुलांची शिकवणी सुरू केली. जूनमध्ये त्याला सांवेर रोडवर कमी पगाराचं काम मिळालं. जुलैत त्याची आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं. आता दिवाळी आली आहे आणि त्याला बायकोला चार ओळी लिहायच्या आहेत.

आधी आठवणी गोळा करा, वाक्यं नंतर

कोरा कागद घेऊन थेट लिहायला बसू नका. डोक्यात आधी तयार वाक्यंच येतात, कारण ती शेकडो वेळा ऐकलेली असतात. त्याऐवजी अर्धा तास काढून वर्ष परत चाळा. फोनमधले फोटो महिन्यांप्रमाणे बघा. दोघांमधले जुने मेसेज वर सरकवून वाचा, कारण ‘दूध आण’, ‘डॉक्टर उद्या बोलवतायत’, ‘तू जेवून घे’ अशा ओळींत वर्ष जसं गेलं तसंच उतरलेलं असतं. औषधांच्या दुकानाची बिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेल्या खुणा बघा. प्रत्येक आठवणीची एकच ओळ लिहायची: कोणी, काय आणि केव्हा. विशेषण लावायचं नाही.

आपल्या उदाहरणातल्या नवऱ्याच्या वहीत पंधरा-सोळा ओळी जमतात. त्यातल्या काही अशा: ‘शिकवणीसाठी रोज पावणेचारला सोफा भिंतीला सरकवते, सातला परत.’ ‘मावशीचा फोन आला की ते बाहेर गेलेत म्हणायची. तेव्हा नोकरी गेल्याचं कोणाला सांगितलं नव्हतं.’ ‘मे: चिडली. पगार कमी असला तरी काम घे म्हणाली.’ ‘आईच्या गोळ्यांच्या पाकिटांवर स्केचपेनने सकाळ, रात्र लिहिलं.’ ‘भाच्याच्या मुंजीला बडोद्याला गेली नाही.’

पाच-सहा ओळींवर गाडी अडली तर त्या दिवशी लिहू नका. दोन-तीन दिवस वही जवळ ठेवा. जोडीदार घरात काय काय करतो ते वर्षभर आपण बघितलेलंच नसतं. ते दोन दिवस नुसतं बघितलं तरी जुन्या गोष्टी आठवायला लागतात.

तीन निवडा, फार तर चार

सगळं लिहिलं की हिशेबाची वही होते. वाचणाऱ्याला वाटतं, बापरे, आता याची परतफेड होणार की काय. म्हणून तीन किंवा चारच गोष्टी घ्या, पण त्या एकाच जातीच्या नकोत. एक सगळ्यांनी पाहिलेली असावी, एक फक्त तुम्हाला माहीत असलेली, आणि एक तुम्हाला त्या वेळी न आवडलेली पण नंतर बरोबर ठरलेली. ही तिसरी जात बहुतेक चिठ्ठ्यांत नसते, आणि नेमकी तिच्यामुळेच चिठ्ठी खरी वाटते. ‘तू माझ्यावर चिडलीस ते बरं केलंस’ असं लिहिणारा माणूस लाडीगोडी करत नाहीये, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

निवडताना एक काळजी घ्या. जी गोष्ट अजून दुखते आहे ती चिठ्ठीत घेऊ नका. मुंजीचं उदाहरण बघा. सख्ख्या बहिणीच्या मुलाची मुंज चुकली, याचं तिला अजून वाईट वाटत असेल तर ‘तू मुंजीला गेली नाहीस त्याबद्दल थँक्यू’ हे वाक्य जखमेवर मीठ ठरेल. त्यात असा अर्थ निघतो की तिने स्वखुशीने दिलं आणि मी घेतलं, विषय संपला. गहाण ठेवलेल्या पाटल्या अजून सुटलेल्या नसतील तर त्यांचंही तसंच. अशा गोष्टी तोंडाने, निवांत बसून, तिला बोलू देत सांगायच्या असतात. चिठ्ठीला उलट बोलता येत नाही, हे लक्षात ठेवा.

क्रियापदाकडे बघा

या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्या. मराठीत कर्ता लपवणं फार सोपं आहे. ‘सगळं व्यवस्थित पार पडलं’, ‘आईचं छान झालं’, ‘दिवस निघून गेले’, ‘निभावलं गेलं’. या वाक्यांत कोणी काही केलंच नाही, सगळं आपोआप झालं. आभाराच्या चिठ्ठीत असं वाक्य म्हणजे ज्याने काम केलं त्याचं नाव पुसणं. ‘झालं’, ‘पडलं’, ‘गेलं’, ‘जमलं’ असे शब्द आले की तिथे पेन्सिलने खूण करा आणि विचारा, हे कोणी केलं? उत्तर ‘तू’ असेल तर वाक्य ‘तू’पासून सुरू करा.

‘तू केलंस’ की ‘तू केलं’, हा प्रश्न इंदूर-ग्वाल्हेरकडे हमखास येतो. पुस्तकी मराठीत ‘तू केलंस, तू आणलीस, तू म्हणालीस’ असा स लागतो. इकडच्या बऱ्याच घरांत तो बोलण्यात गळतो आणि ‘तू केलं, तू म्हणाली’ असंच म्हणतात. चिठ्ठीत तेच लिहा जे घरात बोलता. वीस वर्षं ‘तू केलं’ म्हणणाऱ्या माणसाने अचानक ‘केलंस’ लिहिलं तर बायकोला पहिला संशय येईल की हे कुठून उतरवलंय. पण स नसेल तर ‘तू’ हा शब्द गाळू नका, नाहीतर कर्ता पुन्हा हरवतो. ज्या घरात बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणते तिथे ‘तुम्ही केलंत, तुम्ही आणलंत’ असंच लिहायचं. चिठ्ठीपुरतं ‘तू’वर येणं वाचणाऱ्याला नाटकी वाटतं.

तसंच ‘काम केले, लक्ष दिले, वर्ष गेले’ अशी लेखी रूपं टाळा आणि ‘केलं, दिलं, गेलं’ लिहा. ‘तू फार मोठे काम केले आहे’ हे वाक्य कार्यालयातून निघाल्यासारखं वाटतं. घरात पिशवीला थैली म्हणत असाल तर थैलीच लिहा, भाजीला सब्जी म्हणत असाल तर सब्जी. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका. ळच्या जागी ल पडला किंवा एखादी वेलांटी चुकली तरी चालतं. तपासायला मात्र कोणाला देऊ नका, कारण चिठ्ठी एकाच माणसाची आहे.

दोन शब्द जपून: ‘मदत’ आणि ‘आई’

नवऱ्याने वर्षभर स्वयंपाक केला असेल आणि बायको लिहीत असेल तर ‘तुम्ही मला घरात मदत केलीत’ हे वाक्य सहज येतं. मदत म्हणजे काम माझं होतं, तुम्ही हात लावला. आठ महिने दोन वेळची पोळी-भाजी त्यांनीच केली असेल तर ती मदत नव्हती. ‘आठ महिने स्वयंपाक तुम्ही केलात’ असं सरळ लिहा. या वाक्यात एकही गोड शब्द नाही, आणि तरी ते जास्त देतं.

दुसरा शब्द ‘आई’. सासूबाईंचं दुखणं सुनेने काढलं असेल तर नवरा बहुधा ‘तू आईचं सगळं केलं’ असं लिहितो, नाहीतर मोठेपणाने ‘आपल्या आईचं’. या एका ठिकाणी ‘माझ्या आईचं’ लिहावं असं आमचं ठाम मत आहे. एरवी घरात माझी-तुझी आई करू नये हे खरं. पण इथे ‘माझ्या’ शब्द हे मान्य करतो की ते काम आधी माझं होतं. तो शब्द गाळला की सगळं सुनेचं कर्तव्य म्हणून खपून जातं. बायकोने नवऱ्याला लिहिताना, त्याने तिच्या वडिलांसाठी रात्री जागून काढल्या असतील तर ‘माझ्या बाबांचं’ हेच.

पहिला खर्डा आणि त्यात काय बिघडतं

वही तयार असूनही पहिला खर्डा बहुतेकांचा असाच उतरतो. नवऱ्याने लिहिलं:

‘प्रिय, हे वर्ष आपल्यासाठी फार कठीण गेले. पण तू माझ्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिलीस. घराची, आईची सगळी जबाबदारी तू हसतमुखाने पार पाडलीस. तू नसतीस तर माझे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. तुझे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. मला माफ कर. पुढचे वर्ष नक्की चांगले जाईल, हे माझे वचन.’

यात खोटं काय आहे ते आधी बघा. ‘हसतमुखाने’ खोटं आहे. मे महिन्यात ती चिडली होती, जुलैत थकून जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या पेंगत होती. हे तिला माहीत आहे. एक शब्द खोटा पडला की बाकीच्या चिठ्ठीवरचा विश्वास उडतो. ‘पाठीशी खंबीरपणे’ हे खोटं नाही, पण ते शेजारच्या घरातल्या नवऱ्यालाही लिहिता येईल. ज्या वाक्यात नुसती नावं बदलून ते दुसऱ्या घरी पाठवता येतं ते काढून टाका. ‘शब्द नाहीत’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, मग शोधले का नाहीत.

‘तू नसतीस तर’ या वाक्यात सगळं लक्ष स्वतःवर जातं. माझं काय झालं असतं, मी कसा मोडलो असतो. भावनेचा पूर येतो तो इथून. बघायचं होतं तिच्याकडे, आणि वाक्य संपेपर्यंत तीच आपल्याला धीर देत बसते.

माफी आणि वचन ही दोन वेगळी कामं आहेत. माफी मागायची असेल तर ती आधी मागा, वेगळ्या दिवशी आणि समोर बसून. आभारात माफी मिसळली की तिला ‘असू दे’ म्हणावं लागतं आणि आभार तिथेच वाहून जातात. वचनाचं तर अजिबात नको. पुढचं वर्ष कसं जाईल हे नोकरी गेलेल्या माणसाच्या हातात नसतं, आणि हे दोघांनाही कळतं. त्याऐवजी शेवटी एक छोटं काम लिहा, जे तुम्ही त्या आठवड्यात नक्की करणार आहात.

दुसऱ्यांदा लिहिलेली चिठ्ठी

वहीतल्या ओळींवरून त्याच नवऱ्याने पुन्हा लिहिलं. त्यांच्या घरात ‘तू केलं’ म्हणतात, म्हणून तसंच:

‘फेब्रुवारीत नोकरी गेली, जुलैत आई पडली, असं हे वर्ष.

तू समोरच्या खोलीत शिकवणी घेते, तेव्हा रोज पावणेचारला सोफा भिंतीला लावते आणि सातला परत जागेवर आणते. शनिवारी तो मी एकट्याने सरकवून पाहिला. जड आहे.

मार्चमध्ये मावशीचा फोन आला की तू “ते बाहेर गेलेत” म्हणायची. मी आतल्या खोलीत ऐकत होतो. मला सांगायचा धीर येईपर्यंत तू कोणाला काही बोलली नाही.

मे महिन्यात तू चिडून म्हणाली की पगार कमी असला तरी काम घे. मला राग आला होता. तू बरोबर होती.

माझ्या आईचं तू केलं. गोळ्यांच्या पाकिटांवर तुझ्या अक्षरात “सकाळ” लिहिलंय, मी ते रोज वाचतो.

थँक्यू. रविवारी पोहे-जिलबी मी आणतो. तुझ्या पोह्यांवर जिरावण जास्त घालायला सांगतो.’

साधारण शंभर शब्द झाले. वर्ष कठीण होतं हे एकाच ओळीत उरकलं, कारण ती त्याच घरात होती, तिला बातमी द्यायची नाही. ‘प्रेम’ शब्द एकदाही आला नाही. ‘जड आहे’ या दोन शब्दांत ते आहे, जिरावणीतही आहे, कारण तिला ते जास्त लागतं हे त्याच्या लक्षात आहे. थँक्यू एकदाच, आणि तेही घरात बोलतात त्या शब्दात. तुमच्याकडे कोणी ‘धन्यवाद’ म्हणत असेल तर ते वापरा. ‘आभारी आहे’ मात्र नको, आणि ‘उपकार’ तर मुळीच नको. उपकार म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली बसतो.

एक गोष्ट या चिठ्ठीत मुद्दाम नाही: ‘पण’. ‘तू चिडली पण बरोबर होती’ असं लिहिलं असतं तर चिडण्याला आधी दोष लागला असता. त्याऐवजी तीन छोटी वाक्यं एकामागून एक ठेवली. आभाराच्या ओळीत ‘पण’ दिसला की वाक्य तोडून बघा, बहुतेक वेळा ते सुधारतं.

द्यायची कशी आणि कधी

शाळेच्या वहीचं एक पान पुरतं. शंभर-सव्वाशे शब्द हाताने लिहिले की पान भरतं, म्हणून लांबीचं मापही तेच: पान उलटावं लागलं तर काहीतरी काढा. फोनवर पाठवायची असेल तर कीबोर्डला मराठी भाषा लावून घ्या, नाहीतर शब्द हिंदीचे सुचत राहतात आणि चिठ्ठीचा सूर बिघडतो. कुटुंबाच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका. चार लोकांत आभार मानले की तिलाही चार लोकांत हसून उत्तर द्यावं लागतं.

बलिप्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो तबकात ओवाळणी घालतो. चिठ्ठी त्या तबकात घालण्याचा मोह होतो. तेव्हा सासू, मुलं, कधी नणंद-दीर समोर असतात आणि कोणीतरी ‘वाच, वाच’ म्हणतंच. ओवाळणी नेहमीसारखी द्या, चिठ्ठी रात्री सगळं आवरल्यावर. हातात देणं अवघड वाटत असेल तर ती रोज उघडते त्या जागी ठेवा: चष्म्याच्या घरात, शिकवणीच्या हजेरीवहीत, डब्याच्या थैलीत. बायको लिहीत असेल तर स्कूटरच्या कागदपत्रांत ठेवू नका. तिथे ती पुढच्या विम्याच्या वेळी सापडेल.

दिल्यावर ‘वाचलंस का, कसं वाटलं’ असं विचारू नका. पहिलं उत्तर बहुधा ‘हे काय नवीन?’ किंवा ‘काय पाहिजे आहे?’ असंच येतं, कारण आपल्या घरांत याची सवय नाही. त्यावर ‘काही नाही’ एवढंच म्हणा. काहीजण दोन-दोन दिवस काहीच बोलत नाहीत आणि मग एकदम चहा ओतताना त्यातलीच एखादी गोष्ट काढतात, ‘सोफा खरंच जड आहे रे’ अशी. तेव्हा ऐका, आणि दुसऱ्या दिवशी पावणेचारला घरी असाल तर तो तुम्ही सरकवा.

केव्हा लिहू नये

वर्ष अवघड होण्याचं कारण तुम्ही स्वतः असाल, म्हणजे दारू, लपवलेलं कर्ज किंवा दुसरी फसवणूक, तर ही चिठ्ठी आत्ता लिहू नका. ‘तू सगळं सहन केलं’ हे वाक्य अशा घरात आभार नसतं, तर पुढेही सहन कर असा निरोप असतो. आधी कर्ज किती आहे तो आकडा सांगणं किंवा दारू सोडायला लागणं. आभाराची पाळी त्यानंतर.

घरात कोणी गेलं असेल तर चिठ्ठी लिहावी, पण ‘वाईट वर्ष संपलं’ असं काही त्यात नको. ज्याची आई मार्चमध्ये गेली त्याचं ते वर्ष दिवाळीला संपत नाही. अशा घरात वर्षाची ओळच गाळा आणि थेट पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करा: तेराव्याच्या दिवशी शंभर माणसांचं जेवण तुम्ही एकट्याने बघितलंत, मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाहीत.